दिवाळी अंकाची पत्रं आणि दोन स्वल्पविराम

आमचा दिवाळी अंक छोटा आहे. संपादक भाऊ, मी आणि हिशेब पाहणारे एक गृहस्थ, एवढीच माणसं. अंकाचं साहित्य मे महिन्यापासून येऊ लागतं, जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा पूर येतो, आणि गणपती झाले की वर्गणीदारांचे फोन आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप सुरू होतात. या सगळ्याला उत्तर देणं माझ्याकडे असतं. लेखकांना ईमेलवर, वर्गणीदारांना व्हॉट्सॲपवर. तीच वाक्यं, तोच पत्ता, तोच खातेक्रमांक पुन्हा पुन्हा टंकायचा. यावर उपाय म्हणून मी संक्षेप बसवले. म्हणजे चार अक्षरं टंकली की त्यांच्या जागी अख्खा परिच्छेद उमटतो. इंग्रजीत हे करायला फार काही लागत नाही. मराठीत कुठे अडतं आणि त्यावर काय चाललं, ते सविस्तर सांगते.

सुरुवात मी कोणतंही सॉफ्टवेअर न उतरवता केली. जीमेलचा ‘पाठवलेले’ कप्पा उघडला आणि मागच्या हंगामातली माझीच उत्तरं वाचत गेले. दोन-तीनदा आलेली वाक्यं एका कोऱ्या फाइलीत चिकटवली. ही पायरी टाळू नये असं मला वाटतं, कारण आपण काय वारंवार लिहितो याचा अंदाज आणि प्रत्यक्ष यात बराच फरक निघतो. मला वाटत होतं की सर्वात जास्त वेळा पोच लिहिली जाते. प्रत्यक्षात सर्वात जास्त वेळा मी लिहिलं होतं ते हे: ‘कृपया मजकूर युनिकोडमध्ये, वर्ड फाइलमध्ये पाठवावा.’ अजूनही अनेक जण श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेला मजकूर पाठवतात, काही जण पीडीएफ, आणि काही जण वहीच्या पानांचे फोटो. प्रत्येकाला सांगण्याची गोष्ट एकच, पण कारण थोडं वेगळं. म्हणून त्या एका उत्तराचे तीन तुकडे झाले.

त्यानंतर प्रत्येक उत्तरात बदलणारं काय आणि कायम राहणारं काय, हे रंगीत पेनाने वेगळं केलं. इथेच मराठीचं व्याकरण आडवं आलं. इंग्रजी नमुन्यात एक रिकामी जागा ठेवून तिथे ‘कथा’, ‘लेख’ किंवा ‘कविता’ घातलं की काम होतं. मराठीत ‘आपली कथा मिळाली’, ‘आपला लेख मिळाला’, ‘आपल्या कविता मिळाल्या’. नाम बदललं की त्याच्या मागचं सर्वनाम आणि पुढचं क्रियापद दोन्ही बदलतात. रिकामी जागा फक्त नामाची ठेवली तर ‘आपले कथा मिळाले’ असलं काहीतरी लेखकाला जाईल, आणि ते एका साहित्यिक अंकाकडून! जुने संपादक ‘आपले साहित्य मिळाले’ असंच लिहीत, आणि त्याने हा प्रश्न सुटतोही. पण ज्याने वर्षभर एका कथेवर काम केलं त्याला ‘साहित्य’ असं मोघम उत्तर जावं हे मला पटत नव्हतं. त्यामुळे नाम नव्हे, तर अख्खा वाक्यांश निवडता यावा अशी सोय हवी होती.

नावाचंही तसंच. ‘जोशी यांना’, ‘कुलकर्णींना’, ‘मीनाताईंचा’ असे विभक्तीचे प्रत्यय नावाला लागले की रिकाम्या जागेत नुसतं नाव घालून भागत नाही. म्हणून सगळे नमुने असे लिहिले की नाव एकदाच, सुरुवातीच्या नमस्कारात, प्रत्ययाशिवाय येईल. ‘सप्रेम नमस्कार मीनाताई,’ आणि पुढे सगळीकडे ‘आपण’.

जीमेलमध्ये नमुने साठवायची सोय आहेच. संगणकावर सेटिंगच्या Advanced या पानावर Templates सुरू करायचं, मग पत्र लिहिताना खालच्या तीन ठिपक्यांतून मजकूर नमुना म्हणून साठवता येतो. असे ५० नमुने ठेवता येतात. मानधनाचं पत्र मी अजून तिथेच ठेवलं आहे, कारण त्यात तक्ता आहे आणि तो जसाच्या तसा उमटतो. पण त्या नमुन्यांत रिकाम्या जागा भरून घेण्याची सोय नाही, फोनवरच्या जीमेलमध्ये ते मिळत नाहीत, आणि जीमेलबाहेर, म्हणजे वर्डमध्ये किंवा कुरियरच्या फॉर्ममध्ये, त्यांचा उपयोग नाही.

म्हणून संगणकावर एस्पान्सो घेतलं. हे मोफत आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. त्याला खिडक्या-बटणं फारशी नाहीत. सगळे संक्षेप `base.yml` नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायचे. फाइल कुठे आहे ते `espanso path` या आज्ञेने कळतं. ती नोटपॅडमध्ये उघडली, लिहिलं, जतन केलं, की बदल आपोआप लागू होतो. पोच देण्याचा आमचा संक्षेप आज असा आहे:

```yaml
matches:
  - triggers: [",,pc", ",,पच"]
    form: |
      सप्रेम नमस्कार [[naav]],
      [[kay]]. निर्णय ऑगस्टअखेर कळवू.
    form_fields:
      kay:
        type: choice
        values:
          - आपली कथा मिळाली
          - आपला लेख मिळाला
          - आपल्या कविता मिळाल्या
```

`,,pc` टंकलं की एक छोटी चौकट उघडते. नाव लिहायचं, तीनपैकी एक वाक्यांश निवडायचा, आणि पूर्ण मजकूर पत्रात उमटतो. व्याकरणाचा प्रश्न इथे मिटला.

या फाइलीची एक अट फार कडक आहे. ओळीच्या सुरुवातीची जागा मोकळ्या घरांनी, म्हणजे स्पेसने सोडायची, टॅबने नाही, आणि एका पातळीवरच्या ओळी एका रेषेत हव्यात. आणखी एक अडचण मराठी मजकुरात हमखास येते. एका ओळीच्या उत्तरात कोलन आणि त्यानंतर मोकळी जागा असेल, उदाहरणार्थ ‘सूचना: मजकूर युनिकोडमध्ये हवा’, तर फाइल वाचणाऱ्या यंत्रणेला तो कोलन स्वतःचा वाटतो. अशा वेळी मजकूर दुहेरी अवतरणांत ठेवायचा, किंवा वरच्यासारखं `|` चिन्ह देऊन पुढच्या ओळीवर लिहायचा. चूक झाली की ओळखायचं कसं? नवा संक्षेप तर चालत नाहीच, पण त्या फाइलीतले जुनेही चालेनासे होतात. एकच संक्षेप बंद असेल तर दोष त्या संक्षेपात, सगळेच बंद असतील तर फाइलीच्या मांडणीत. `espanso log` ही आज्ञा दिली की कोणत्या ओळीवर अडलं तेही दिसतं.

आता ते दोन स्वल्पविराम. सुरुवातीला मी सगळे संक्षेप अर्धविरामाने सुरू केले होते, `;pc`, `;pata` असे. संक्षेप कधीही साध्या लिखाणात येता कामा नये, हा त्यामागचा विचार. नुसतं `pata` ठेवलं असतं तर इंग्रजी अक्षरांत ‘pata nahi’ लिहितानाही आमचा अख्खा पत्ता उमटला असता. अर्धविरामाला चिकटून अक्षर सहसा येत नाही, त्यामुळे माझ्या संगणकावर ते उत्तम चाललं. मग तीच फाइल भाऊंच्या संगणकावर टाकली. थोड्या वेळाने त्यांची हाक आली, “अगं, ते अर्धविराम काही उमटत नाही. मी कळ दाबतो तिथे माझा च येतो.”

कारण साधं होतं. मी इंग्रजी कळफलकावर असते आणि मराठीसाठी उच्चारानुसारी टंकन वापरते. भाऊ कितीतरी वर्षं इनस्क्रिप्ट वापरतात, आणि इनस्क्रिप्टमध्ये अर्धविरामाच्या कळीवर च आहे. p च्या कळीवर ज. म्हणजे माझा एकही संक्षेप त्यांच्या कळफलकावर टंकताच येत नव्हता. दरवेळी विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजीत जायचं, संक्षेप टंकायचा आणि परत यायचं, असं करा म्हणणं म्हणजे त्यांच्या कामात अडथळाच. तेव्हा दोन्ही कळफलकांवर त्याच जागी, शिफ्ट न दाबता मिळणारं चिन्ह शोधलं. ते स्वल्पविराम. लागोपाठ दोन स्वल्पविराम कुणी लिहीत नाही. पुढे इंग्रजीसाठी `pc`, इनस्क्रिप्टसाठी `पच`. एकाच उत्तराला दोन संक्षेप देता येतात, म्हणून वरच्या नमुन्यात `triggers` पुढे दोन दिसतात.

‘पोच’ हा शब्द आहे तसा न घेता ‘पच’ का, तर संक्षेपात काना-मात्रा-वेलांटी आणि जोडाक्षरं ठेवायची नाहीत असं आम्ही ठरवलं. संक्षेप ओळखल्यावर एस्पान्सो तो मागे खोडतं आणि मग मजकूर घालतं. किती वेळा खोडायचं हे ते वर्णांवरून मोजतं. ‘पत्ता’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने त्यात प, त, पायमोड, त, काना असे पाच वर्ण आहेत. खोडण्याची कळ काही ठिकाणी एकेक वर्ण खोडते, काही ठिकाणी सबंध जोडाक्षर. हिशेब चुकला की संक्षेपाच्या आधीचा मजकूर खाल्ला जातो. सुटी व्यंजनं ठेवली की एक अक्षर म्हणजे एक वर्ण, आणि प्रश्न उद्भवत नाही. पत्त्यासाठी `,,पत`, वर्गणीसाठी `,,वर`, युनिकोडसाठी `,,यक`.

उच्चारानुसारी टंकनात मात्र वेगळं आहे. तिथे आपण टंकलेली इंग्रजी अक्षरं आधी टंकन-यंत्रणा स्वतःकडे धरून ठेवते आणि मग त्यांचा मराठी शब्द करते. त्या मधल्या अवस्थेत संक्षेप कधी उमटतो, कधी अर्धाच खोडला जातो. भरवसा नाही. म्हणून मी संक्षेप इंग्रजी कळफलकावरच टंकते. उमटणारा मजकूर देवनागरीत असल्याने अशा उत्तरापुरतं मराठी कळफलकावर जावंच लागत नाही.

भाऊंच्या संगणकावर आणखी एक गडबड व्हायची, आणि ती जास्त काळजीची होती. संक्षेप टंकल्यावर उत्तराऐवजी भलताच मजकूर उमटायचा. एकदा वर्गणीच्या पत्रात दुसऱ्याच एका वर्गणीदाराचा पत्ता आला. भाऊंनी पाठवण्याआधी वाचलं म्हणून तो बाहेर गेला नाही. लांब मजकूर एस्पान्सो एकेक अक्षर टंकत नाही, तो कॉपी-पेस्टच्या पाटीवर ठेवतं, पेस्ट करतं, आणि आपण आधी कॉपी केलेलं जे असेल ते परत जागेवर ठेवतं. संगणक संथ असला तर पेस्ट व्हायच्या आधीच जुनी गोष्ट परत आलेली असते, आणि तीच पत्रात जाते. खूण अशी की उमटलेला मजकूर हा आपण शेवटचा कॉपी केलेलाच असतो. यावर उपाय `config` फोल्डरातल्या `default.yml` मध्ये एका ओळीचा आहे:

```yaml
restore_clipboard_delay: 800
```

जुनं परत ठेवण्याआधी किती मिलिसेकंद थांबायचं, ते हे. आधीपासून ठरलेला आकडा ३०० असतो. तो वाढवल्यावर त्या संगणकावर हा प्रकार थांबला. तरी पत्ता किंवा पैशांचा मजकूर असलेलं पत्र वाचूनच पाठवायचं, हा नियम आम्ही ठेवला आहे.

फोनवर चित्र निराळं आहे. माझा फोन अँड्रॉइड, त्यावर जीबोर्ड. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये Dictionary, मग Personal dictionary, तिथे भाषा निवडून शब्द आणि त्याचा संक्षेप भरायचा. संक्षेप टंकल्यावर मजकूर आपोआप उमटत नाही, कळफलकाच्या वरच्या पट्टीत सूचना म्हणून दिसतो आणि तिथे बोट लावावं लागतं. चिन्हाने सुरू होणारे संक्षेप माझ्या फोनवर त्या पट्टीत दिसलेच नाहीत, त्यामुळे स्वल्पविराम इथे निरुपयोगी. त्याऐवजी पहिलं अक्षर दुप्पट केलं, `pptt` असं, कारण अशी अक्षरं कोणत्याही शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत. मजकूर एका ओळीचाच ठेवावा लागतो, परिच्छेद पाडता येत नाहीत. त्यामुळे इथे मी फक्त पत्ता, ईमेल आणि यूपीआय आयडी ठेवले आहेत. आयफोनवाल्यांना हीच सोय General, Keyboard, Text Replacement इथे मिळते, आणि तिथे स्पेस दाबली की मजकूर आपोआप बसतो.

वर्गणीदारांची लांब उत्तरं व्हॉट्सॲप बिझनेसच्या Quick replies मध्ये आहेत. निरोपाच्या जागी `/` टंकलं की यादी उघडते, पुढे संक्षेपाची अक्षरं टंकली की ती गाळून दिसते. अशी ५० उत्तरं मावतात, परिच्छेदही पाडता येतात आणि मुखपृष्ठाचं छायाचित्रही जोडता येतं. अंक किती रुपयांना, टपालखर्च किती, पैसे कुठे भरायचे आणि भरल्यावर पूर्ण पत्ता पिनकोडसह कसा पाठवायचा, हे सगळं एका उत्तरात. पूर्वी पत्ता पिनकोडशिवाय यायचा आणि मग त्यासाठी पुन्हा विचारणा. आता उत्तरातच नाव, घर क्रमांक, रस्ता, गाव, तालुका, पिनकोड, मोबाइल अशा ओळी पाडून दिल्या आहेत. लोक त्या कॉपी करून भरून पाठवतात.

यूपीआय आयडी आणि खातेक्रमांक संक्षेपात ठेवण्याचा मोठा फायदा म्हणजे हाताने टंकताना होणारी एका अक्षराची चूक टळते. पण मूळ नोंदीतच चूक असेल तर तीच प्रत्येकाला जाईल. म्हणून नोंद केल्यावर संक्षेपाने उमटलेला आयडी कॉपी करून त्यावर एक रुपया पाठवून पाहिला आणि खात्यात जमा झाल्याची खात्री केली. पासवर्ड, लेखकांचे पॅन किंवा त्यांचे खातेक्रमांक यांपैकी काहीही आम्ही संक्षेपात ठेवत नाही. `base.yml` ही साधी वाचता येणारी फाइल आहे, संगणकावर बसणारा कुणीही ती उघडू शकतो.

सर्वात जास्त विचार नकाराच्या पत्रावर झाला. ‘साभार परत’ हे पत्र पूर्ण तयार नमुन्यातून पाठवायचं नाही, यावर भाऊ आणि मी दोघंही ठाम होतो. लेखकाने काहीतरी जीव ओतून लिहिलेलं असतं, आणि आपण ते वाचलं आहे हे त्याला पत्रातून कळलं पाहिजे. नमस्कार, यंदा घेता येत नाही हे सांगणारी ओळ आणि समारोप हे कायम. मधला अभिप्राय दरवेळी नवा. एस्पान्सोत `$|$` असं चिन्ह मजकुरात घातलं की कर्सर त्या जागी जाऊन थांबतो, म्हणून आधी ते वापरलं. मराठीत ते बिनसतं. कर्सर मागे नेण्यासाठी एस्पान्सो डावीकडच्या बाणाची कळ वर्णांच्या संख्येइतक्या वेळा दाबतं. ‘मिळाले’ या शब्दात सहा वर्ण आहेत, पण बाण तो शब्द तीन टप्प्यांत ओलांडतो. त्यामुळे कर्सर ठरलेल्या जागेच्या बराच मागे, कधी नमस्काराच्याही वर जाऊन बसायचा. त्याऐवजी अभिप्रायासाठी चौकटच ठेवली:

```yaml
  - triggers: [",,sp", ",,सप"]
    form: |
      सप्रेम नमस्कार [[naav]],
      [[mat]]
      यंदाच्या अंकात हे साहित्य घेता येत नाही.
    form_fields:
      mat:
        multiline: true
```

`multiline` मुळे अभिप्रायाची चौकट मोठी उघडते आणि तिच्यात चार-पाच ओळी लिहिता येतात. भाऊ तिथे काय आवडलं आणि कुठे कथा सैल झाली ते लिहितात. नमस्कार-समारोप टंकण्याचा वेळ वाचतो तो याच ओळींकडे जातो, आणि आमची नकाराची पत्रं आता आधीपेक्षा लांब असतात. काही लेखकांनी त्यावर पुन्हा पत्र पाठवून चर्चाही केली आहे.

दरवर्षी मे महिन्यात, साहित्य मागवण्याच्या आधी, ही फाइल आम्ही वरपासून खालपर्यंत वाचतो. किंमत, टपालखर्च, मजकूर पाठवण्याची शेवटची तारीख, ऑगस्टअखेरचा वायदा. किंमत `base.yml` मध्ये एका ठरावीक नावाखाली एकाच जागी ठेवली आहे, त्यामुळे संगणकावर ती एकदा बदलली की सगळ्या उत्तरांत बदलते. पण व्हॉट्सॲपमधली उत्तरं वेगळी साठवलेली आहेत, तिथे हातानेच बदल करावा लागतो. म्हणून फाइलीच्या अगदी वर `#` चिन्ह देऊन एक ओळ लिहून ठेवली आहे, जी एस्पान्सो वाचत नाही, आपण वाचतो: ‘किंमत बदलल्यास व्हॉट्सॲपमधली वर्गणी, टपाल आणि विद्यार्थी सवलत ही तीन उत्तरंही बदलणे.’